फाट्यावरचा फ्यूज शाबूत, फीडर मात्र लॉकआउट

तक्रार नेहमीची आहे. फाट्यावरच्या लाइनीवर झाडाची फांदी पडते किंवा इन्सुलेटर फुटतो, म्हणजे फॉल्ट कायमचा असतो. फाट्याच्या तोंडाशी असलेला डीओ फ्यूज उडावा, तेवढाच फाटा अंधारात जावा आणि बाकीचा फीडर चालू राहावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात फॉल्ट दिसला की आपोआप उघडून पुन्हा बंद होणारा रिक्लोजर चौथ्यांदा उघडल्यावर लॉकआउट होतो, म्हणजे उघडाच राहतो आणि त्याच्या पुढचं सगळं बंद पडतं. लाइनमन फाट्याशी पोचतो तेव्हा तिन्ही फ्यूज जागेवर शाबूत बसलेले असतात. मग फॉल्ट नेमका कुठे आहे हे शोधायला एक-एक फाटा उघडून पाहावा लागतो, आणि पंधरा मिनिटांच्या कामाला तीन तास जातात.

हे एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल. पण त्याच फीडरवर दर पावसाळ्यात दोन-चार वेळा होत असेल, तर सेटिंग आणि फ्यूज यांचं गणित चुकलेलं आहे. ते कुठे चुकलं हे शोधायला रिक्लोजरच्या नोंदीतल्या चार ओळी सहसा पुरतात. बदल मात्र विचार करून करावा लागतो, कारण घाईत केलेला इलाज दुसरीकडे दुखणं उभं करतो. खालचं प्रकरण मी स्वतः हाताळलेलं आहे. त्यात मूळ चूक आणि तिच्यावरचा चुकीचा इलाज या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सापडल्या.

आधी अपेक्षा काय आहे ते

रिक्लोजरच्या खाली फ्यूज असला की दोघांमधलं काम दोन भागांत वाटलेलं असतं. पहिल्या एक-दोन ट्रिप जलद वक्रावर होतात. त्या इतक्या लवकर व्हायला हव्यात की फ्यूज वितळायलाही सुरुवात होऊ नये. फॉल्ट तात्पुरता असेल, म्हणजे पक्षी किंवा झुलणारी फांदी असेल, तर त्या एक-दोन सेकंदांच्या मोकळ्या काळात तो निघून जातो आणि फ्यूज वाचतो. फॉल्ट तरीही राहिला तर तो कायमचा आहे असं समजायचं. मग रिक्लोजर मंद वक्रावर जातो, मुद्दाम थांबतो आणि फ्यूजला पूर्ण वितळून प्रवाह तोडायला वेळ देतो.

म्हणून आलेखावर फ्यूजच्या दोन रेषा वेगवेगळ्या पाहायच्या. एक वितळायला सुरुवात होण्याची किमान वेळ, दुसरी प्रवाह पूर्ण तुटण्याची कमाल वेळ. जलद वक्र पहिल्या रेषेच्या खाली हवा, मंद वक्र दुसऱ्या रेषेच्या वर हवा. फाट्यावर शक्य असलेल्या किमान फॉल्ट प्रवाहापासून कमाल प्रवाहापर्यंत या दोन्ही अटी पाळल्या गेल्या तर जोडी जमली. आपली तक्रार, म्हणजे कायमच्या फॉल्टवर फ्यूज न उडणं, ही पूर्णपणे दुसऱ्या अटीची आहे. बरेच जण पहिलीच अट तपासून मोकळे होतात.

प्रकरण

11 केव्हीचा रेडियल फीडर, उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल थेट जमिनीशी जोडलेला. मधल्या खांबावर रिक्लोजर, दोन जलद आणि दोन मंद ट्रिप, मधला मोकळा काळ 2, 2 आणि 5 सेकंद. त्रास देणारा फाटा रिक्लोजरच्या पुढे होता. फाट्यावरचा कमाल भार जेमतेम 30 अँपिअर. फाट्याच्या तोंडाशी तिन्ही फेजचा फॉल्ट 1100 अँपिअर, एका फेजचा जमिनीशी 900. शेवटच्या खांबावर हेच आकडे 580 आणि 380.

रिक्लोजरचा पिकअप, म्हणजे ज्या प्रवाहाला घटक जागा होतो तो, फेजला 240 अँपिअर, ग्राउंडला 80. मंद ट्रिपसाठी दोन्हींना आयईसीचा नॉर्मल इन्व्हर्स वक्र दिलेला होता, टीएमएस, म्हणजे वेळेचा गुणक, फेजला 0.2 आणि ग्राउंडला 0.1. जलद ट्रिपला साधारण 20 मिलिसेकंदांचा निर्णय आणि 40 मिलिसेकंदांत उघडणं, म्हणजे एकूण 60.

गेल्यावर मी सगळ्यात आधी रिक्लोजरच्या नोंदी उतरवल्या. शेवटच्या लॉकआउटची नोंद अशी होती:

```
Shot 1   50G   IG = 384 A   0.021 s
Shot 2   50G   IG = 381 A   0.020 s
Shot 3   51G   IG = 379 A   0.44 s
Shot 4   51G   IG = 380 A   0.44 s
LOCKOUT
```

यातून तीन गोष्टी लगेच कळतात. प्रवाह 380 म्हणजे फॉल्ट फाट्याच्या टोकाशी, आणि तो तिथेच सापडल्याचं लाइनमनने नंतर सांगितलंच. तिसरी आणि चौथी ट्रिप 0.44 सेकंदांची आहे, म्हणजे क्रम बरोबर पुढे सरकला. चारही ट्रिप 20 मिलिसेकंदांच्या असत्या तर मंद वक्रावर रिक्लोजर गेलाच नाही असा अर्थ झाला असता. मग मंद ट्रिपमध्ये तात्काळ घटक चुकून चालू राहिलाय का, किंवा जलद ट्रिपची संख्या चार ठेवलीय का, ते पाहावं लागलं असतं. ही चूक मी दोनदा पाहिली आहे, दोन्ही वेळा नवीन कंट्रोल बसवताना जुन्या मशीनची फाइल जशीच्या तशी चढवली होती. इथे तसं नव्हतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ट्रिप देणारा घटक `51G`, म्हणजे ग्राउंडचा मंद घटक. मागच्या वर्षभराच्या नोंदी चाळल्या तर चित्र अजून स्पष्ट झालं. फाट्यावर दोन तारा एकमेकींना लागून झालेल्या कायमच्या फॉल्टवर फ्यूज व्यवस्थित उडाले होते आणि रिक्लोजर तिसऱ्या ट्रिपच्या आतच शांत झाला होता. लॉकआउट फक्त जमिनीच्या फॉल्टवर होत होते. «कधी फ्यूज उडतो, कधी उडत नाही, मशीनच लहरी आहे» असं जे बोललं जात होतं, त्या लहरीचं कारण एवढंच होतं.

फ्यूज कोणता आहे ते हातात घेऊन पाहा

आराखड्यावर त्या फाट्यावर 40 के, म्हणजे जलद प्रकारचा, फ्यूज लिहिलेला होता. खाली उतरवून पाहिलं तर लिंकच्या डोक्यावर 65 के कोरलेलं. थोरल्या लाइनमनला विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, «साहेब, चाळीसचा टिकतच नव्हता. वादळ आलं की उडायचा, दिवसातून दोनदा खांबावर चढायचो. पासष्टचा टाकल्यापासून आराम आहे.»

त्यांचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही, कारण त्यांच्या तक्रारीमागे खरा आकडा आहे. 40 के लिंकच्या प्रमाणित मर्यादेत 0.1 सेकंदाला वितळायला लागणारा किमान प्रवाह 565 अँपिअर आहे. त्याहून कमी वेळात प्रवाहाचा वर्ग गुणिले वेळ जवळपास स्थिर धरता येतो, म्हणून 900 अँपिअरला ही लिंक साधारण 39 मिलिसेकंदांत वितळायला लागते. रिक्लोजर 60 मिलिसेकंदांत उघडतो. शर्यत सुरू होण्याआधीच हरलेली. फाट्याच्या तोंडाजवळ तात्पुरता फॉल्ट झाला की फ्यूजही उडायचा आणि रिक्लोजरही एकदा उघड-मीट करायचा. दोन्ही एकाच वेळी झाल्याच्या नोंदी दिसल्या तर जलद वक्र फ्यूजच्या मागे पडतोय हे ओळखायचं.

65 केचा 0.1 सेकंदाचा किमान प्रवाह 918 अँपिअर. म्हणजे 900 ला तो सुमारे 100 मिलिसेकंद तग धरतो. इथे एक गुणक विसरायचा नाही. दोन जलद ट्रिप लागोपाठ झाल्या की पहिल्या वेळची उष्णता मधल्या काळात पूर्ण निघून जात नाही, म्हणून रिक्लोजरची जलद वेळ एका गुणकाने वाढवून मग फ्यूजशी ताडायची. दोन जलद ट्रिप आणि 2 सेकंदांच्या मोकळ्या काळासाठी 1.35 धरला, तर 60 चे 81 मिलिसेकंद होतात. मोकळा काळ अर्ध्या सेकंदाइतका लहान असेल तर हा गुणक बराच वाढतो, तेव्हा आपल्या रिक्लोजरच्या तक्त्यातूनच घ्या. 81 हे 100 च्या आत बसतं. म्हणजे तात्पुरत्या फॉल्टपुरता लाइनमनचा 65 केचा निर्णय योग्यच होता. तोंडाजवळच्या तिन्ही फेजच्या 1100 अँपिअर फॉल्टला मात्र 65 के 70 मिलिसेकंदांत वितळायला लागतो, म्हणजे पहिल्या ट्रिपला वाचेल, दुसऱ्याला सांगता येत नाही. तिन्ही तारा एकदम लागणं दुर्मीळ, म्हणून तेवढं मी सोडून दिलं.

आता दुसरी अट पाहू. शेवटच्या खांबावर जमिनीचा फॉल्ट, प्रवाह 380. 40 केच्या पूर्ण तुटण्याच्या रेषेवर 380 ला सुमारे 0.37 सेकंद मिळतात. ग्राउंडचा मंद वक्र 0.44 सेकंदांना ट्रिप देतो. निसटतं का होईना, जमत होतं, आणि ज्याने मूळ सेटिंग केलं त्याने हेच पाहून 0.1 टीएमएस दिलं असणार. 65 केला याच प्रवाहावर वितळायला सुरुवात व्हायलाच साधारण 0.65 सेकंद लागतात, पूर्ण तुटायला सेकंदाच्या वर. रिक्लोजर 0.44 ला उघडतो. पाच सेकंद मोकळा काळ मिळतो, लिंक बरीचशी थंड होते, पुन्हा 0.44 सेकंद तापते, आणि लॉकआउट. चारही ट्रिप मिळून फ्यूजमधून सेकंदभर फॉल्ट प्रवाह गेला, पण तुकड्यातुकड्याने. दोन्ही मंद ट्रिपच्या वेळा एकत्र करून फ्यूज उडेल असा हिशेब कुणी मांडला तर तो मान्य करू नका. मंद वक्राची एकच ट्रिप फ्यूजच्या पूर्ण तुटण्याच्या वेळेपेक्षा लांब असली पाहिजे.

एक पदरची सूचना. अशा लॉकआउटनंतर ज्या फाट्यावर फॉल्ट सापडला तिथले फ्यूज शाबूत दिसले तरी बदलून टाका. अर्धवट तापून आतली धातूची पट्टी नरमलेली असते आणि ती महिनाभराने, कोणताही फॉल्ट नसताना, नुसत्या भाराने तुटते. मग तेही एक कोडं होऊन बसतं.

फ्यूज परत लहान करायचा का?

पहिला विचार हाच येतो, 40 के परत लावा की झालं. कायमच्या फॉल्टवर तो उडेल हे खरं. पण तोंडाजवळच्या तात्पुरत्या फॉल्टवरही उडेल, आणि सहा महिन्यांत कुणीतरी पुन्हा 65 के लावेल. त्याऐवजी 100 के लावलेला, किंवा आणखी वाईट म्हणजे लिंकच्या जागी तांब्याची तार पिळलेली, हेही मी पाहिलंय. फाट्यावर तार असेल तर आलेख काढायचे कष्टच घेऊ नका, कारण ताडायला फ्यूजच उरलेला नाही.

फ्यूज वाचवायचाच नाही असं धोरण ठरवता येतं, म्हणजे जलद ट्रिप बंद करून प्रत्येक फॉल्टला फ्यूज उडू द्यायचा. जिथे फॉल्ट प्रवाह खूप मोठा आहे तिथे हेच शहाणपणाचं, कारण 4-5 हजार अँपिअरला रिक्लोजर फाट्यावरच्या अशा फ्यूजच्या आधी उघडू शकत नाही. पण या फीडरवर प्रवाह हजाराच्या घरात होता, फाटा लांब होता आणि बहुतेक फॉल्ट फांद्यांचे. इथे फ्यूज वाचवण्यात अर्थ होता. म्हणून 65 के कायम ठेवला, आराखड्यावर तसाच नोंदवला आणि ग्राउंडच्या मंद वक्राला हात घातला.

मंद वक्राचा आकार

फक्त टीएमएस वाढवून भागेल का? 380 अँपिअरला दीड सेकंद हवे असतील तर नॉर्मल इन्व्हर्समध्ये टीएमएस 0.34 च्या आसपास लागेल. त्याने शेवटच्या खांबाचा प्रश्न सुटतो. पण हा वक्र चपटा आहे आणि फ्यूजचा वक्र उभा. 900 अँपिअरला फ्यूज 0.17 सेकंदांत तुटतो, तरी रिक्लोजर विनाकारण सेकंदभर थांबून राहील. तेवढा वेळ मुख्य लाइनीवरच्या फॉल्टवर तारा तापत राहतील. आणि खाली, 250 अँपिअरला, फ्यूजचा वेळ झपाट्याने वाढतो तर चपटा वक्र त्याच्या खाली जातो. म्हणून फ्यूजसारख्या उतरणीचा एक्स्ट्रीमली इन्व्हर्स निवडला:

```
t = TMS * 80 / ((I/Ip)^2 - 1)
Ip = 80 A, TMS = 0.4
```

380 अँपिअरला पिकअपच्या 4.75 पट प्रवाह, वेळ 1.48 सेकंद. 65 के सेकंदाच्या थोडा वर तुटतो, म्हणजे हातात साधारण 0.4 सेकंद राहतात. 900 ला 11.25 पट, वेळ 0.25 सेकंद, फ्यूज 0.17 चा. मोकळीक 80 मिलिसेकंदांची. ऐकायला कमी वाटते, पण फ्यूजची कमाल रेषा आधीच सुरक्षित बाजूची आहे आणि डिजिटल कंट्रोलचा वेळ फारसा हलत नाही, म्हणून मला ती पुरेशी वाटली. 250 अँपिअरला रिक्लोजर 3.65 सेकंद घेतो, फ्यूज अडीच-तीन.

फेजच्या मंद वक्राला हात लावला नाही. शेवटच्या खांबावर दोन फेजचा फॉल्ट सुमारे 500 अँपिअरचा, तिथे फेज घटक 1.9 सेकंद घेतो आणि फ्यूज अर्ध्या सेकंदात तुटतो. म्हणूनच तारा एकमेकींना लागल्या की सगळं सुरळीत व्हायचं. ग्राउंड पिकअप फेजच्या तिसऱ्या भागावर आणि टीएमएसही निम्मं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तो घटक फ्यूजच्या आधी धावतो. बऱ्याच फीडरवर हेच आढळेल. फेजचा आलेख सुबक काढलेला असतो, आणि ग्राउंडचा कुणी फ्यूजवर ठेवून पाहिलेलाच नसतो.

वरच्या ब्रेकरचं काय?

इथे मी घाई केली असती तर पस्तावलो असतो. रिक्लोजर मंद केला म्हणजे तो वरच्या, उपकेंद्राच्या ब्रेकरच्या जवळ सरकला. त्या ब्रेकरच्या ग्राउंड रिलेचा पिकअप 120 अँपिअर, नॉर्मल इन्व्हर्स, टीएमएस 0.3. 380 अँपिअरला तो 1.8 सेकंदांना ट्रिप देतो. रिक्लोजर 1.48 ला निर्णय घेऊन 1.52 ला उघडतो, म्हणजे 0.28 सेकंदांचं अंतर. चालेल असं वाटतं. पण 300 अँपिअरला पाहा, ब्रेकर 2.27, रिक्लोजर 2.45. 250 ला ब्रेकर 2.84, रिक्लोजर 3.65. म्हणजे टोकाच्या मुख्य लाइनीवर थोडा रोध असलेला फॉल्ट झाला तर रिक्लोजरच्या आधी उपकेंद्राचा ब्रेकरच उघडला असता. फाटा वाचवायला निघालो आणि पूर्ण फीडर घालवून बसलो असतो.

दोन वेगळ्या उतरणीचे वक्र एकावर एक ठेवले की ते कुठेतरी छेदणारच, आणि नेमका तो छेद कमी प्रवाहाच्या बाजूला असतो, जिथे बहुतेक जण आलेख काढतच नाहीत. कमाल फॉल्टवर अंतर पाहून समाधान मानायची सवय इथे दगा देते.

ब्रेकरचं टीएमएस 0.45 केलं. मग 250 ला तो 4.26 सेकंद, 300 ला 3.4, 380 ला 2.7. या तिन्ही ठिकाणी रिक्लोजरच्या अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे. त्याआधी ट्रान्सफॉर्मरचं बॅकअप संरक्षण ब्रेकरच्याही मागे राहतं की नाही, आणि ब्रेकरचा तात्काळ घटक रिक्लोजरच्या अलीकडेच थांबतो की नाही, हे तपासलं. उपकेंद्राचं सेटिंग आपल्या अखत्यारीत नसेल तर हा बदल होईपर्यंत रिक्लोजरचा वक्र बदलू नका. अर्धा इलाज मूळ दुखण्याहून महाग पडतो.

जिथे फ्यूज उडणार नाहीच

आता प्रामाणिकपणे सांगायची गोष्ट. शेवटच्या खांबावर 380 अँपिअर हा रोध शून्य धरून काढलेला आकडा आहे. तार कोरड्या जमिनीवर पडली, फॉल्टमध्ये 20 ओहम रोध आला, तर प्रवाह 190 च्या आसपास येतो. 65 के फ्यूजला एवढ्या प्रवाहावर तुटायला सात-आठ सेकंद किंवा जास्त लागतात. त्या रिक्लोजरवर संवेदनशील अर्थ फॉल्ट घटकही चालू होता, पिकअप 10 अँपिअर, वेळ 5 सेकंद. म्हणजे या फॉल्टवर फ्यूजच्या आधी तोच ट्रिप देणार.

तो घटक बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जमिनीवर पडलेली जिवंत तार फ्यूजच्या हवाली सोडणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ. फाट्यापुरता फॉल्ट मर्यादित ठेवायचा नियम इथे मागे घ्यावा लागतो. एवढंच करा, त्या घटकाच्या ट्रिपनंतर पुन्हा बंद होण्याचे प्रयत्न बंद ठेवा, म्हणजे पडलेल्या तारेत पुन्हा पुन्हा वीज जाणार नाही. आणि नोंदीत तो घटक दिसला तर फ्यूजला किंवा मंद वक्राला दोष देऊ नका. त्या दिवशी संरक्षणाने आपलं काम चोख केलंय.

दुसरी मर्यादा, फाट्याच्या खाली सौर प्रकल्पासारखा स्वतःचा स्रोत जोडलेला असेल तर वरचं सगळं गणित बदलतं. फाट्याच्या फ्यूजमधून जाणारा प्रवाह आणि रिक्लोजरला दिसणारा प्रवाह मग एकच राहत नाही, आणि रिक्लोजर उघडल्यावरही फॉल्ट जिवंत राहू शकतो. तिथे हे प्रकरण जसंच्या तसं लावू नका.

लावल्यानंतर तपासणी

सेटिंग चढवलं म्हणजे झालं, असं मानू नका. सेकंडरी इंजेक्शन किटने कंट्रोलला 900, 380 आणि 250 अँपिअरच्या प्रमाणातला प्रवाह दिला आणि वेळ मोजला. ग्राउंड घटक तपासताना प्रवाह एकाच फेजमध्ये द्यायचा, तिन्हींमध्ये संतुलित दिलात तर बेरीज शून्य येते आणि घटक हलतच नाही. 380 ला 1.48 च्या जवळ, 250 ला 3.65 च्या जवळ आकडा आला. मग पूर्ण क्रम चालवला, प्रवाह कायम ठेवून. पहिल्या दोन ट्रिप जलद, तिसरी-चौथी मंद, मग लॉकआउट, हे नोंदीत उमटलं. मंद ट्रिपच्या वेळी तात्काळ घटक डोकावतो का तेही यातच कळतं.

सीटीचं गुणोत्तर कंट्रोलमध्ये बरोबर भरलंय का, हे मात्र इंजेक्शनने कळत नाही. चालू भार उपकेंद्राच्या मीटरशी ताडून पाहा. एका रिक्लोजरवर निम्मं गुणोत्तर भरलेलं सापडलं होतं, आणि सगळा आलेख कागदावर बरोबर असूनही प्रत्यक्षात पिकअप दुप्पट होता.

शेवटी फाट्यावरच्या तिन्ही कटआउटमध्ये एकाच प्रकारचे फ्यूज आहेत ना ते खांबावर चढून पाहिलं. एका फेजला 65 टी निघाला. टी हा मंद प्रकारचा, त्याच आकड्याचा असूनही जास्त प्रवाहावर केपेक्षा बराच उशिरा वितळतो. तात्पुरत्या फॉल्टवर तो चांगला वाटतो, पण 900 अँपिअरला आपला 0.25 सेकंदांचा वेळ त्याला पुरला नसता आणि त्या एकाच फेजवर पुन्हा लॉकआउटची तक्रार आली असती. तो बदलला. उरलेल्या 65 के लिंकची पेटी लाइनमनच्या गाडीत ठेवली, आणि 40 व 100 केच्या पेट्या त्या फीडरच्या सामानातून काढून घेतल्या.

पुढच्या पावसाळ्यात त्या फाट्यावर कायमचे तीन फॉल्ट झाले. दोन वेळा फ्यूज उडाला आणि रिक्लोजरने फक्त दोन ट्रिपची नोंद केली, तिसऱ्या वेळची मोजणी सुरू होऊन न संपलेली, कारण फ्यूज आधीच तुटला होता. तिसऱ्या वेळी रिक्लोजर लॉकआउट झाला. नोंद उघडली तर प्रवाह 140 अँपिअर आणि ट्रिप 5 सेकंदांची. तुटलेली तार बांधावर पडलेली सापडली.